स्पॉन्सरचा भाग आला की प्रेक्षक निघून जातात, की फक्त पुढे ढकलतात?

यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ रंगात आलेला असतो आणि तेवढ्यात निर्माता म्हणतो, "आजच्या व्हिडिओचे स्पॉन्सर आहेत..." अनेकांचं बोट लगेच स्क्रीनवर दोनदा आपटतं आणि व्हिडिओ १० सेकंद पुढे जातो. काही जण तर व्हिडिओच बंद करतात. निर्मात्याच्या दृष्टीने या दोन्हींत मोठा फरक आहे. पुढे ढकलणाऱ्याने जाहिरात टाळली, पण तो व्हिडिओवर टिकला. बंद करणारा मात्र गेला. कोण किती, हे कसं कळतं?

आलेखातला खड्डा आणि पायरी

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओच्या Analytics मध्ये Audience retention चा आलेख असतो. कोणत्या क्षणी किती टक्के प्रेक्षक पाहत होते, हे त्यात दिसतं. लोक पुढे ढकलून परत पाहू लागले, तर रेषा खाली जाऊन पुन्हा वर येते, म्हणजे खड्डा पडतो. लोक निघून गेले, तर रेषा खाली येते आणि खालीच राहते. ती झाली पायरी. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून आकडे वेगळे काढावे लागतात.

समजा, १२ मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि १:४० ते ३:१० असा दीड मिनिटाचा स्पॉन्सरचा भाग आहे. तो सुरू होण्याआधी रेषा ६२ टक्क्यांवर होती. मध्ये ती ३१ पर्यंत घसरली आणि नंतर ५० वर स्थिरावली. याचा अर्थ, सुरुवातीच्या १०० पैकी ६२ जण इथवर पोहोचले. साधारण ३१ जणांनी जाहिरात चालू ठेवली, १९ जण ती ओलांडून परतले आणि १२ जण गेले.

पण हे १२ जण जाहिरातीमुळेच गेले असं नाही. जाहिरात नसतानाही रेषा हळूहळू उतरतच असते. त्यासाठी त्याच चॅनेलचे तेवढ्याच लांबीचे, स्पॉन्सर नसलेले काही व्हिडिओ पाहावेत. त्यांत याच दीड मिनिटात ६ जण जात असतील, तर जाहिरातीचा खरा फटका उरलेल्या ६ जणांचा.

'नंतरचा' आकडा मात्र भाग संपल्यावर १५-२० सेकंदांनी घ्यावा. फार पुढे गेलेले प्रेक्षक मागे येऊन नेमकी जागा शोधतात. त्यामुळे भाग संपताच रेषा क्षणभर जास्तच वर उडालेली दिसते.

जागा कुठली?

पुढच्या व्हिडिओत तोच दीड मिनिटाचा भाग ४:३० ला ठेवला. तिथवर ५० जणच पोहोचले, पण रेषा ३४ च्या खाली गेली नाही आणि नंतर ४५ वर आली. नेहमीची गळती २ धरली, तर फटका ३ चा. पोहोचणारे कमी झाले, तरी जाहिरात पाहणारे ३१ वरून ३४ झाले. उशिरापर्यंत थांबलेल्या प्रेक्षकाला पुढचं पाहायचंच असतं.

त्यातही एखादा मुद्दा पूर्ण संपल्यावर जाहिरात ठेवली, तर प्रेक्षकाला निघायला आयतं निमित्त मिळतं. प्रश्न मांडून झाला आहे, उत्तर यायचं आहे, अशी जागा बरी. करारात जागा ठरलेली असेल, तर हे आकडे पुढच्या कराराआधी स्पॉन्सरसमोर ठेवता येतात.

कापायचं कुठून?

रेषा पहिल्या १० सेकंदांतच तळाला गेली असेल, तर शेवट कापून फारसा फरक पडत नाही. लोक पहिलं वाक्य ऐकूनच पळाले आहेत, बदल तिथे हवा. रेषा सुरुवातीला टिकून ४०-४५ सेकंदांनंतर उतरू लागली, तर लांबी नडते आहे. त्यानंतरचं कापावं. जागा आणि लांबी एकाच व्हिडिओत बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एका व्हिडिओवरून निष्कर्षही काढू नये. विषय आवडता असला, तरी रेषा वर राहते.

आलेख काय सांगत नाही?

यूट्यूबच्या अॅनॅलिटिक्स एपीआयमधून ही माहिती काढली, तर व्हिडिओचे १०० समान भाग करून मिळते. १२ मिनिटांच्या व्हिडिओत एक भाग सुमारे ७ सेकंदांचा, पण तासाभराच्या व्हिडिओत ३६ सेकंदांचा. तिथे मिनिटभराच्या जाहिरातीच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके येतात आणि खड्ड्याचा आकार नीट दिसत नाही.

शिवाय व्हिडिओ चालू होता, एवढंच आलेख सांगतो. फोन ओट्यावर ठेवून भाजी चिरणारा प्रेक्षकही त्या ३१ मध्येच मोजला जातो. जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचली का, हे स्पॉन्सरच्या लिंकवरचे क्लिक आणि वापरलेले कूपन कोडच सांगतात.