पहिल्या भेटीआधीचा ईमेल : डिझायनरला घर समजावून सांगताना

इंटिरियर डिझायनरशी पहिली भेट होण्याच्या चार-पाच दिवस आधी पाठवायच्या ईमेलमध्ये तीन गोष्टी असाव्या लागतात : घरातली माणसे दिवसभर काय करतात, खर्चाची मर्यादा किती आणि काय नको आहे. हा ईमेल नसला तर पहिली भेट रंगांचे नमुने आणि मोबाइलमधले फोटो पाहण्यात जाते, आणि डिझायनर चार भिंतींचा नकाशा घेऊन परततो. त्या भिंतींत राहणारी माणसे त्याला कळलेली नसतात. ईमेल दीड-दोन पानांचा पुरे. लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे : माहिती द्यावी, उपाय सुचवू नये. ‘मुलाच्या खोलीत स्टडी टेबल हवे’ हा उपाय झाला. ‘मुलगा जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतो’ ही माहिती झाली. माहितीतून डिझायनर दोन-तीन मार्ग काढू शकतो, तयार उपायातून मात्र एकच मार्ग उरतो.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका दोन बेडरूमच्या सदनिकेचा ईमेल घेऊ. क्षेत्रफळ ६८० चौरस फूट. हे क्षेत्रफळ ‘कार्पेट’ म्हणून लिहिलेले बरे, कारण रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. नुसते ‘हजार फुटांचा फ्लॅट’ म्हटले तर कोणती मोजणी ते कळत नाही.

सुरुवातीच्या चार ओळी घराबद्दल असतात : बिल्डरचा नकाशा सोबत जोडला आहे, ताबा मिळाला आहे, काम चालू असताना कुटुंब जुन्या घरीच राहणार आहे, सोसायटीच्या कामाच्या वेळांची नियमावली जोडली आहे. त्यातच भिंती कशाच्या आहेत तेही यावे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतून उभारलेल्या, बांधकामवाले ‘मायवन’ म्हणतात तशा इमारतींत आतल्या भिंतीही बहुधा काँक्रीटच्या असतात. त्या फोडता येत नाहीत आणि वायरिंगसाठी खाचाही पाडता येत नाहीत. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतींत जे सहज जमते ते इथे पॅनेलमागून न्यावे लागते. हे आधी कळले तर ‘ही भिंत काढू’ या कल्पनेवर भेटीतला अर्धा तास जात नाही.

दिनक्रम : घड्याळ आणि जागा

दिनक्रम वेळ, माणूस आणि जागा या तिन्हींसह लिहावा. उदाहरणातला मजकूर असा :

‘घरात पाच माणसे. सासरे ७२, सासूबाई ६८, पती ४१, मी ३८, मुलगा ९. सासरे साडेपाचला उठतात. आंघोळ करून सव्वासहा ते सात पूजा करतात. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, खुर्चीवर बसून करतात. सासूबाई साडेसहापासून ओट्याशी असतात. पोळ्या त्याच करतात, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. पावणेसात ते पावणेआठ या तासात आम्हा तिघांच्या आंघोळी उरकायच्या असतात. मंगळवारी आणि गुरुवारी मी घरून काम करते, ११ ते १ सलग कॉल असतात. त्याच वेळी सासरे हॉलमध्ये टीव्ही पाहतात. मुलगा ५ ते ७ जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतो, खोलीत एकटा बसत नाही. रात्री आजी-आजोबांच्या खोलीत झोपतो.’

एवढ्या मजकुरातून डिझायनरला चार-पाच निर्णय घेता येतात. खुर्चीवर बसून पूजा करायची तर देवांची पातळी जमिनीलगत ठेवून चालत नाही. ती बसलेल्या माणसाच्या हाताला यावी लागते आणि खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा लागते. सकाळच्या त्या एका तासात दोन बाथरूमवर ताण येतो. तिसरे बाथरूम बांधता येत नाही, पण दाढी आणि केस विंचरणे बाहेर आणता येते. बेडरूममध्ये चांगला आरसा आणि त्यावर उजेड दिला की बाथरूम लवकर मोकळे होते. कॉलसाठी दार बंद होणारी जागा हवी, म्हणून कामाचे टेबल हॉलमध्ये बसत नाही, बेडरूममध्ये जाते. मुलाच्या अभ्यासाचे वाक्य तर थेट पैसे वाचवते. मुलाच्या नावाने स्टडी युनिट करणे ही अशा घरांत ठरलेलीच गोष्ट असते. इथे ते आज वापरलेच जाणार नाही. त्याऐवजी जेवणाच्या टेबलावर पुरेसा उजेड आणि शेजारी वह्या-पुस्तकांचे कपाट लागेल. मुलगा मोठा झाल्यावर लागणाऱ्या टेबलासाठी खोलीत आत्ता फक्त विजेचा पॉइंट काढून ठेवला तरी चालते.

स्वयंपाकघराबाबत माणसांची उंची लिहावी. उभे राहून कोपर जिथे येते त्यापेक्षा ओटा साधारण १० ते १५ सें.मी. खाली असावा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरेत वाकावे लागत नाही. या घरात सासूबाईंची उंची १४८ सें.मी., कोपर सुमारे ९३ वर. सुनेची उंची १६३, कोपर सुमारे १०३ वर. एकीला साधारण ८१ सें.मी.चा ओटा सोयीचा, दुसरीला ९१ चा. बाजारात रूढ असलेला ३४ इंची ओटा म्हणजे ८६ सें.मी. तो दोघींच्या मधोमध येतो आणि दोघींनाही थोडा गैरसोयीचा ठरतो. पोळ्या कोण लाटते हे ईमेलमध्ये असल्यामुळे इथे वेगळा विचार करता येतो : ओटा सुनेच्या बाजूने थोडा वर आणि एका टोकाला लाटण्यापुरता खालचा भाग.

रोजच्या दिवसानंतर वर्षाच्या गोष्टी दोन-तीन ओळींत याव्यात. गणपती पाच दिवस बसतो आणि तो हॉलमध्ये कुठे. दिवाळीत नणंद चार माणसांनी येते तेव्हा कोण कुठे झोपते. वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवतात का, आणि डबे किती मोठे. पत्र्याचे भरलेले डबे माळ्यावर चढवता येत नाहीत, त्यांना खालीच कोरडी जागा लागते. त्या डब्यांची उंची आणि रुंदी मोजून लिहिली तर कपाटाचा खालचा कप्पा त्या मापाचा होतो. जे जुने सामान सोबत येणार आहे, जसे सासऱ्यांचे शिसवी कपाट, त्याचीही मापे आणि फोटो द्यावेत.

अंदाजपत्रक : आकड्यात काय धरले आहे

रक्कम सांगितली की डिझायनर ती पूर्ण खर्च करणार, या धास्तीने बरेच जण आकडा टाळतात किंवा कमी सांगतात. आकडा नसला तर डिझायनर अंदाजाने आराखडा करतो आणि तो परवडत नसल्याने सगळे पुन्हा काढावे लागते. कमी आकडा सांगितला तर प्लायवूडपासून बिजागऱ्यांपर्यंत सगळ्याचीच प्रत खाली येते, आणि नंतर पैसे वाढवले तरी तोवर झालेले काम बदलत नाही. म्हणून आकडा खरा द्यावा, पण त्यात काय धरले आहे ते लिहावे.

उदाहरणातल्या कुटुंबाने या कामासाठी ९ लाख बाजूला काढले आहेत. त्यातले १० टक्के, म्हणजे ९०,००० रुपये, अचानक निघणाऱ्या खर्चासाठी राखून ठेवले आणि ते ईमेलमध्ये सांगितले नाहीत. बाथरूमच्या फरशा काढल्यावर गळती सापडते, तेव्हा हे पैसे लागतात. उरले ८,१०,०००. ही मर्यादा ‘जीएसटी आणि डिझायनरची फी धरून’ अशी लिहिली. १८ टक्के जीएसटी सगळ्यावर लागला तर त्यातली मूळ रक्कम सुमारे ६,८६,००० उरते. फी समजा ठोक ६०,००० असेल, तर प्रत्यक्ष सुतारकाम, वायरिंग, फरशी आणि रंग यांना राहतात सव्वासहा लाखांच्या आसपास. ‘आमचे बजेट नऊ लाख’ एवढेच लिहिले असते तर आराखडा नऊ लाखांच्या कामाचा झाला असता आणि वरचा कर, फी हे सगळे धक्के शेवटी बसले असते.

त्यानंतर काय धरलेले नाही तेही लिहावे : फ्रिज, एसी, गाद्या, पडदे, पंखे. या वस्तू कोटेशनमध्ये आहेत की नाहीत यावरच पुढे वाद होतात. फी चौरस फुटावर, ठोक की खर्चाच्या टक्केवारीत, हेही विचारून ठेवावे, कारण टक्केवारीत खर्च वाढला की फीही वाढते. शेवटी प्राधान्यक्रम द्यावा. या कुटुंबाचा क्रम असा : आधी स्वयंपाकघर, मग आजी-आजोबांची खोली, मग दुसरी बेडरूम, शेवटी हॉल. पैसे कमी पडले तर टीव्ही युनिट पुढच्या वर्षी. हा क्रम नसला तर कात्री सगळीकडे सारखीच लागते, आणि ओट्याखालच्या ट्रॉल्यांना पाण्यात टिकणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायवूडऐवजी साधे प्लायवूड येते. सिंकखाली ते फुगून बिजागऱ्या सैल होतात.

नावड : कारणासह

आवडीपेक्षा नावडीतून डिझायनरला जास्त कळते, पण कारण सोबत असेल तरच. ‘चकचकीत सनमाइका नको’ एवढे वाचून तो गडद मॅट सनमाइका दाखवेल. ‘चकचकीत नको, बोटांचे ठसे दिसतात आणि रोज पुसायला कोणी नाही’ असे वाचले तर त्याला कळते की गडद मॅटही नको, कारण त्यावर धूळ आणि तेलकट हात उठून दिसतात. ‘उघडे शेल्फ नकोत, घर मोठ्या रस्त्यावर आहे’ यातून खिडकीच्या जाळ्यांचा आणि पडद्याच्या कापडाचाही विचार होतो. ‘हायड्रॉलिक बेड नको, सासूबाईंना झाकण उचलत नाही’ यातून बेडखाली खणांचा पर्याय निघतो.

काही नावडींना कारण नसते. सासऱ्यांना राखाडी रंग आवडत नाही, एवढेच. तेही तसेच लिहावे. यादी दोन भागांत करावी : ‘अजिबात नको’ आणि ‘पटवून दिल्यास चालेल’. पहिल्या भागात पाच-सहापेक्षा जास्त गोष्टी आल्या तर डिझायनरचे हात बांधले जातात. घरात मतभेद असतील तर तेही लपवू नयेत. पतीला हॉलमध्ये फॉल्स सीलिंग हवे आणि पत्नीला नको, हे आधी कळले तर डिझायनर फक्त कडेने उतरवलेले सीलिंग काढून दाखवू शकतो. नाहीतर हा वाद काम अर्ध्यावर असताना सुतारासमोर होतो.

ईमेलचा पुढचा उपयोग

ईमेल एकाच व्यक्तीने पाठवावा आणि पुढचे सगळे बदल त्याच ईमेलला उत्तर देऊन, तारखेसह कळवावेत. पाच जणांनी पाच निरोप दिले की कोणता शेवटचा ते कळत नाही. ईमेलमधली मापे अंदाजापुरतीच असतात. बिल्डरच्या नकाशात आणि प्रत्यक्ष भिंतीत गिलाव्यामुळे एक-दोन इंचांचा फरक पडतो, म्हणून कपाटांची मापे डिझायनरने जागेवर येऊनच घ्यावी लागतात.

ईमेल नीट वाचला गेला का, हे भेटीआधीच कळते. वाचणारा डिझायनर उलट प्रश्न विचारतो : मावशी भांडी कुठे घासतात, सासरे डाव्या हाताने लिहितात का, नणंदेची मुले केवढी आहेत. उत्तरादाखल आधीच्या कामांचे फोटो आणि दरपत्रकच आले, तर भेटीत हीच माहिती पुन्हा तोंडी सांगावी लागणार हे धरून चालावे. पुढे पहिला नकाशा आणि कोटेशन हातात आले की ईमेल शेजारी ठेवून ओळीने तपासावे. पूजेची खुर्ची, कॉलची जागा, धान्याचे डबे, ८,१०,००० ची मर्यादा आणि नावडीची यादी यांपैकी जे नकाशात किंवा कोटेशनमध्ये दिसत नाही, ते सुतारकाम सुरू होण्याआधी लेखी विचारावे. कागदावर कपाट हलवायला खर्च येत नाही. प्लायवूड कापल्यावर मात्र त्याच बदलाचे बिल येते.