वॉर्डमधला पहिला दिवस : परिसेविका स्वतःची ओळख कशी करून देते

नर्सिंगचे विद्यार्थी पहिल्यांदा वॉर्डमध्ये येतात तेव्हा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलण्याचे काम त्या वॉर्डच्या परिसेविकेचे असते. रोजच्या बोलण्यात तिला इन्चार्ज सिस्टर म्हणतात. तिने दहा-पंधरा मिनिटांत करून दिलेली स्वतःची ओळख सभासमारंभातल्या परिचयासारखी नसते. ती कुठली, तिला कोणते पुरस्कार मिळाले, याचा विद्यार्थ्याला त्या दिवशी उपयोग नाही. या वॉर्डमध्ये कोणत्या गोष्टीचे उत्तर कोण देते, विद्यार्थ्याने कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, काही चुकले तर कोणाकडे धाव घ्यायची, एवढे त्याला त्या ओळखीतून कळायला हवे.

जिल्हा रुग्णालयातल्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डचे उदाहरण घेतले तर या बोलण्याची वेळ ठरलेली असते. सकाळची पाळी रात्रपाळीकडून ओव्हर घेते, म्हणजे खाटेखाटेपाशी जाऊन प्रत्येक रुग्णाची रात्र कशी गेली, सलाइन किती उरले, कोणती तपासणी व्हायची आहे हे समजून घेते. ते संपल्यानंतर आणि डॉक्टरांचा राउंड सुरू होण्याआधी थोडी उसंत मिळते. तेव्हा परिसेविका मुलामुलींना ड्युटी रूममध्ये किंवा नर्सिंग स्टेशनपाशी एका बाजूला घेते. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून हे बोलणे करू नये. रुग्ण आणि नातेवाईक कान देऊन ऐकत असतात, आणि ‘या नवीन मुली आहेत, यांना अजून काही येत नाही’ असे एखादे वाक्य त्यांच्या कानी पडले की पुढचे महिनाभर ते त्या मुलींकडून साधे तापमानही घेऊ देत नाहीत.

सुरुवात नाव आणि पदापासून होते. अनुभव सांगायचा तो विद्यार्थ्याला उपयोगी पडेल एवढाच. एखादी परिसेविका म्हणते, ‘‘या वॉर्डात मला सहा वर्षं झाली. त्याआधी मी अतिदक्षता विभागात होते, म्हणून व्हेंटिलेटरबद्दल काही विचारायचं असेल तर निःसंकोच विचारा. मला सिस्टर म्हणा.’’ एवढ्या वाक्यांत कोणत्या विषयात तिला विचारता येईल हे मुलांना कळते. त्यानंतर येते तिचे काम. वॉर्डमधल्या अधिपरिचारिकांच्या पाळ्या लावणे, औषधांचा आणि लिननचा इंडेंट भरणे, कोणाला कोणता आहार जातो ते पाहणे, कुलपातल्या मादक औषधांचा हिशेब ठेवणे, ऑक्सिजन आणि सक्शनची साधने चालू आहेत याची खात्री करणे, आणि नोंदी पुऱ्या आहेत हे बघणे. ती स्वतः अधिसेविकेला, म्हणजे मॅट्रनला, उत्तरदायी असते.

पाठ्यनिर्देशिका आणि परिसेविका यांच्यात कामाची वाटणी कशी आहे हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले नाही, तर विद्यार्थ्याची फार ओढाताण होते. काय शिकायचे, कोणती केस लिहायची, हजेरी कोण घेणार, हे पाठ्यनिर्देशिका ठरवते. रुग्णाला काय होते आणि काय दिले जाते याची जबाबदारी परिसेविकेची. ट्यूटरने सांगितले म्हणून एखादी प्रक्रिया करायला निघालेल्या विद्यार्थ्यानेही आधी वॉर्डच्या सिस्टरला सांगायचे असते. शिवाय परिसेविका बहुधा दिवसाच्या पाळीतच असते. त्यामुळे दुपारी आणि रात्री वॉर्ड कोणाच्या हाती असतो, हेही तिने तिथल्या तिथे सांगून त्या अधिपरिचारिकेची ओळख करून दिलेली बरी. वॉर्डमधल्या मामांची आणि मावशींचीही नावे सांगावीत. रुग्णाला उचलून खुर्चीत बसवताना वीस वर्षांचा अनुभव त्यांच्याच गाठी असतो.

यानंतर मर्यादांचा भाग येतो. विद्यार्थ्याची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी झालेली नसते, म्हणून तो जे काही करतो ते नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखालीच. पहिल्या वर्षाच्या मुलांना खाट लावणे, स्पंज देणे, तोंडाची स्वच्छता, जेवण भरवणे, तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब घेणे ही कामे करता येतात. इंजेक्शन एकट्याने द्यायचे नाही, डॉक्टरांचा तोंडी आदेश स्वतः घ्यायचा नाही, नातेवाइकांना निदान सांगायचे नाही. नुसती यादी वाचून दाखवली तर ती तासाभरात विसरते. कारणासकट सांगितलेली एक गोष्ट मात्र लक्षात राहते. अनेक परिसेविका पोटॅशियम क्लोराइडचे उदाहरण देतात. त्याची १० मिलिलिटरची कुपी दिसायला इतर साध्या औषधांच्या कुपीसारखीच असते. ते सलाइनमध्ये मिसळून, सावकाश द्यायचे असते. कुपीतले औषध तसेच थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबू शकते. म्हणून ते वेगळ्या जागी ठेवलेले असते. ती जागा दाखवून ‘‘इथल्या कुपीला माझ्याशिवाय किंवा ड्युटीवरच्या सिस्टरशिवाय कोणीही हात लावायचा नाही’’ असे तिने म्हटले की नियम आणि त्यामागची भीती दोन्ही पोहोचतात.

या सगळ्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळ द्यावा असे एक वाक्य आहे. ‘‘जे मोजलं तेच लिहा, आणि मोजता आलं नाही तर तसं येऊन मला सांगा.’’ पहिल्या दिवशीच्या मुलीला नाडी लागत नाही यात लाज वाटण्यासारखे काही नाही. धोका पुढे असतो. ती चार्टवर मागच्या पाळीचा आकडा बघते आणि त्याच्या जवळपासचा एक आकडा लिहून टाकते.

एक प्रसंग समजा. हृदयाचे काम मंदावलेले साठीतले एक काका. त्यांना रोज सकाळी डिगॉक्सिनची गोळी आणि लघवी वाढवणारे औषध चालू आहे. चार्टवर आधीच्या तीन नोंदी ७६, ७८ आणि ७६. पहिल्या वर्षाची मुलगी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर मोजते आणि तिला ५२ ठोके लागतात, तेही अनियमित. आपलेच चुकले असेल, असे तिला वाटते. इथे तिने ७४ लिहिले तर दहा वाजता काकांना गोळी मिळेल. ती सिस्टरकडे गेली तर परिसेविका स्वतः छातीवर, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवून मिनिटभर मोजते. ठोके ५० भरले तर गोळी थांबवते, कारण डिगॉक्सिन देण्याआधी ठोके साठाच्या खाली असतील तर गोळी न देता डॉक्टरांना कळवायचे, हा प्रौढ रुग्णांसाठीचा सर्वसाधारण नियम आहे. मग ती काकांना विचारते, मळमळते का, जेवण कमी झाले का, दिसायला पिवळसर वाटते का. ही औषध अंगात जास्त झाल्याची लक्षणे. लघवीच्या औषधाने शरीरातले पोटॅशियम कमी झालेले असू शकते आणि त्याने डिगॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो, म्हणून डॉक्टर ईसीजी काढतात आणि रक्त तपासायला पाठवतात.

मिनिटभर का मोजायचे, हेही याच प्रसंगातून समजावता येते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय बऱ्याच जणांना असते. नाडी नियमित असेल तर ते चालून जाते. ठोके कधी जवळ, कधी दूर पडत असतील तर कोणते पंधरा सेकंद हाती आले त्यावर उत्तर बदलते. श्वसनाचेही तसेच. ते पूर्ण मिनिटभर आणि रुग्णाला न सांगता मोजावे लागते, कारण कोणी आपला श्वास मोजतेय हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. नाडीवरची बोटे तशीच ठेवून छातीकडे बघत मोजणे ही त्यावरची जुनी युक्ती.

रुग्णाची ओळख पटवण्याची पद्धतही परिसेविका याच वेळी सांगते. ‘‘तुम्ही पाटीलच ना?’’ असे विचारले तर तापातला किंवा कमी ऐकू येणारा माणूस सहज मान हलवतो. ‘‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगा’’ असे विचारायचे आणि ते केसपेपरवरच्या नावाशी व नोंदणी क्रमांकाशी जुळवायचे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण सकाळी सातव्या खाटेवर असलेला रुग्ण दुपारी खिडकीजवळ हलवलेला असू शकतो. ‘सात नंबर’ अशी हाक मारू नये, यामागे माणुसकी आहेच, पण सुरक्षिततेचे हे कारणही तितकेच पक्के आहे.

सुई टोचण्याबद्दल मुली विचारत नाहीत, म्हणून परिसेविकेने आपणहून सांगावे लागते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही, ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. तरीही टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण आणि पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचे. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषध जितके लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू व्हावे लागते. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरला जात नाही. रागावतील या भीतीने मुलीने दोन दिवस लपवले तर यातला बहुतेक वेळ निघून जातो. म्हणून इथे ‘‘मी रागावणार नाही’’ हे शब्द परिसेविकेने उच्चारणे गरजेचे आहे, आणि पुढे ते पाळणेही.

ओळख नीट झाली की नाही हे आठवड्याभरात चार्टवरूनच कळते. सगळ्या रुग्णांचे श्वसन २० आणि तापमान ९८.६ लिहिलेले दिसले, तर मुलांनी मोजायचे सोडून भरायला सुरुवात केली आहे. उलट चार्टवर १७, २३ असे आकडे आणि मध्येच ‘नाडी लागली नाही, सिस्टरना सांगितले’ अशी नोंद दिसली तर बोलणे पोहोचले आहे. पहिल्याच दिवशी दरडावून, नियमांची आणि शिक्षांची यादी सांगून केलेल्या ओळखीनंतर पहिला प्रकार हमखास दिसतो. वॉर्ड त्याने शांत आणि शिस्तीत वाटतो, पण परिसेविकेपर्यंत येणारी खबर मात्र बंद होते.

बोलणे संपल्यावर ती मुलांना घेऊन वॉर्डमधून एक फेरी मारते. इमर्जन्सी ट्रॉली कुठे उभी असते, अॅम्बू बॅग कोणत्या कप्प्यात, हात धुण्याचे बेसिन कुठे, हे बोटाने दाखवून नव्हे तर प्रत्येकाला तिथे नेऊन दाखवते. ट्रॉलीवरची वस्तू दुसऱ्या कामासाठी उचलायची नाही, कारण प्रत्येक पाळीत ती मोजून ठेवलेली असते, हेही सांगते. मग प्रत्येकाला दोन-तीन रुग्ण नेमून देते. रुग्णाजवळ जाऊन आता विद्यार्थ्याने आपली ओळख करून द्यायची असते : नाव, नर्सिंगच्या कोणत्या वर्षाला आहे, आणि आपण आज काय करणार आहोत. परिसेविका पहिल्या एका रुग्णापाशी स्वतः तसे करून दाखवते आणि दुसऱ्यापाशी बाजूला उभी राहून ऐकते.