गोळी का दिली, तेही लिहा

मॅनियाच्या रुग्णाला आठ-दहा दिवसांत घरी सोडतात तेव्हा तो पूर्ण बरा झालेला नसतो. ही गोष्ट नातेवाइकांना सहसा कोणी स्पष्ट सांगत नाही. झोप परत आलेली असते, बोलण्याचा वेग उतरलेला असतो, भांडणं थांबलेली असतात. पण झटका पुरता ओसरायला अजून काही आठवडे लागणार असतात आणि ते आठवडे घरी जाणार असतात. त्या काळात रुग्ण ज्यांच्यासमोर जाऊन बसतो ते डॉक्टर बहुधा वेगळे असतात. वॉर्डात काय घडलं हे त्यांना एका कागदावरूनच कळतं. तो कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड.

नेहमीचं कार्ड असं असतं: ‘बायपोलर, सध्या मॅनिया. लिथियम ३००, १-०-२. ओलान्झापिन १५, ०-०-१. आठवड्याने ओपीडीत दाखवावे.’ यात चुकीचं काही नाही. पण ही औषधं का निवडली, दुसरी का टाळली आणि कोणतं कधी थांबवायचं, हे त्यात नाही. ज्या औषधाचं कारण लिहिलेलं नसतं ते पुढचा डॉक्टर सहज बदलतो, नाहीतर कोणी विचारलंच नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एकीचं नाही, अशा पुष्कळ केस पेपरांतून जुळवलेलं आहे. सांगलीजवळच्या गावात राहणारी २८ वर्षांची शिक्षिका. लग्नाला वर्ष झालेलं. मन उदास राहतं म्हणून पाच आठवड्यांपूर्वी जवळच्या डॉक्टरांनी तिला एस्सिटॅलोप्राम सुरू केलं. महिन्याभरात उदासी गेली आणि पुढे झोपही गेली. सहा रात्री ती जेमतेम दोन तास झोपली, शाळा सोडून स्वतःची अकादमी काढायचं तिनं ठरवलं, त्यासाठी कर्ज काढलं, अडवणाऱ्या सासऱ्यांच्या अंगावर धावून गेली. दोन वर्षांपूर्वीही दहा दिवस असंच झालं होतं, पण तेव्हा ‘तिचा स्वभावच उत्साही’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मामा बारा वर्षं लिथियमवर आहे आणि ठीक आहे. ती नऊ दिवस वॉर्डात होती.

केस पेपरात हे सगळं आठ-दहा पानं भरून असतं. निवासी डॉक्टर ते बहुतेकदा जसंच्या तसं समरीत उतरवतात आणि मग ती कोणी वाचत नाही. कार्डावर यातल्या चारच गोष्टी लागतात: पूर्वीचा दहा दिवसांचा काळ, कारण त्यावरून निदान पक्कं होतं. एस्सिटॅलोप्राम आणि झटका यांचा काळाचा संबंध. मामाचं लिथियम. आणि ती येताना कशी होती, जाताना कशी आहे. यातल्या शेवटच्या गोष्टीला ‘सुधारणा आहे’ एवढं पुरत नाही. मॅनियाची तीव्रता मोजायला यंग यांची ६० गुणांची मोजपट्टी वापरतात. त्यावर दाखल होताना ३४ आणि सोडताना १४, झोप साडेसहा तास, अजून थोडी बडबड, कर्ज काढणं चूक होतं हे अर्धवट पटलेलं, असं लिहिलं की आठवड्यानं तिला पाहणाऱ्याला ती चढते आहे की उतरते आहे हे कळतं.

आता औषधं. इथे प्रत्येक नावापुढे एक-दोन वाक्यं खर्ची घालावीत, बाकी कागद कितीही आखडता घ्यावा लागला तरी.

लिथियम का? मामाला ते लागू पडलं आहे, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात लिथियमनं गुण आला असेल तर रुग्णालाही येण्याची शक्यता वाढते. शिवाय पुढचे झटके रोखण्याचा आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याचा त्याचा पुरावा चांगला आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९४९ साली मॅनियावर लिथियम वापरून पाहिलं, तेव्हापासूनचं हे औषध आहे.

व्हॅल्प्रोएट का नाही? ते जास्त लवकर चढवता येतं, रक्तपातळीची कटकटही कमी. पण गर्भारपणात घेतलं तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, आणि ३० ते ४० मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. ही मुलगी २८ वर्षांची आहे. ‘व्हॅल्प्रोएट मुद्दाम टाळले आहे, गर्भधारणेची शक्यता लक्षात घेऊन’ एवढी ओळ कार्डावर नसेल, तर सहा महिन्यांनी कोणीतरी लिथियमचा थरकाप पाहून चांगल्या हेतूनं तेच सुरू करील. लिथियमही गर्भारपणात अगदी निर्धोक नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून दाखल होतानाची गर्भचाचणी निगेटिव्ह होती हे लिहायचं, सध्या गर्भनिरोधन काय ते लिहायचं, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन बोला, गोळ्या मनानं एकदम बंद करू नका, हेही. लिथियम अचानक थांबवलं की मॅनिया उलटण्याची भीती मोठी असते.

ओलान्झापिन का? लिथियमचा गुण दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ हाताशी नव्हता. ओलान्झापिननं काही दिवसांतच झोप आणि चिडचिड आटोक्यात येते. याची किंमत म्हणजे भूक आणि वजन, पुढे साखर. नऊ दिवसांत तिचं वजन ५८ वरून साडेएकोणसाठ किलोवर गेलं. माझ्या मते अख्ख्या कार्डावरची सर्वांत दुर्लक्षित ओळ या औषधाची मुदत ही आहे. ‘तीन महिन्यांनी वजन, साखर, चरबी पाहून पुनर्विचार, आराम टिकल्यास सहा महिन्यांच्या सुमारास हळूहळू कमी करणे’ असं न लिहिल्यामुळे कितीतरी जण तातडीसाठी दिलेला डोस वर्षानुवर्षं घेत राहतात.

बंद केलेल्या औषधांनाही जागा हवी. लोराझेपाम पहिले सहा दिवस झोपेसाठी दिलं आणि थांबवलं, घरी दिलेलं नाही. एस्सिटॅलोप्राम दाखल झाल्या दिवशीच बंद केलं, कारण मॅनियात ते आगीत तेल ठरतं. पुढे उदासी आली तरी ते परस्पर सुरू करू नये. घरच्या डब्यात त्याची अर्धी पट्टी अजून पडलेली असते, म्हणून ‘उरलेल्या गोळ्या काढून टाका’ हेही लिहावं लागतं.

लिथियमच्या रक्तपातळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घोटाळे बहुतेक इथेच होतात. हे औषध उपयोगी पडतं आणि बाधतं या दोन्हींमधलं अंतर फार थोडं आहे. नेहमीच्या उपचारात पातळी साधारण ०.६ ते ०.८, झटक्यात थोडी वर, आणि दीडच्या पुढे विषबाधेची भीती. डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला पाचेक दिवस लागतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं. आपल्या शिक्षिकेला तिसऱ्या दिवशी ९०० मिलिग्रॅमवर नेलं, आठव्या दिवशी पातळी ०.७ आली. ती सुधारत होती आणि बोटांना बारीक कंप होता, म्हणून डोस वाढवला नाही. हा निर्णय कारणासकट कार्डावर हवा. त्याखाली सूचना: रात्री नऊला दोन गोळ्या, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच. बायका-माणसं शहाणपणानं सकाळची गोळी घेऊनच लॅबमध्ये जातात, पातळी खोटीच वर येते, आणि चांगला लागू पडलेला डोस विनाकारण कमी होतो. गोळी साधी ३०० ची की हळू विरघळणारी, हेही लिहावं, कारण दुकानात एक नसली की दुसरी हातात पडते.

पातळी वर नेणाऱ्या गोष्टी रोजच्या जगण्यातल्याच आहेत. चिकनगुनियात सांधे धरले म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. जुलाब. एप्रिल-मेचं ऊन, वारीतली पायपीट, पाण्याविना केलेला उपवास, एकाएकी मीठ तोडणं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांसाठी एक ओळ ठळक अक्षरात: ‘अंगदुखीला फक्त पॅरासिटॅमॉल.’ आणि घरच्यांसाठी दुसरी: हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोक जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून पातळी तपासा.

पुढच्या तपासणीला ‘गरजेनुसार’ हा शब्द निरुपयोगी आहे. पहिली भेट सात दिवसांच्या आत, तारीख आणि वार घालून. त्याच दिवशी पातळी, मग स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, पुढे पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन, थायरॉइड, कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. पहिले मोजमाप कार्डावर असेल तरच सहा महिन्यांनंतरचा आकडा वाढलाय की नाही ते कळेल.

या भेटी इतक्या जवळ ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. मॅनिया उतरल्यावर अनेकांना खाली ओढणारी उदासी येते. कर्ज, नोकरी, सासरी झालेला तमाशा, सगळं एकदम दिसायला लागतं. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं धोक्याचे असतात आणि लिथियमचा मोठा साठा घरात असणं हाच एक धोका. म्हणून एका वेळी १४ दिवसांच्याच गोळ्या आणि त्या आईकडे, हे कार्डावर लिहिलेलं असलं की दुकानदाराशी वाद होत नाही.

काय लिहू नये हेही ठरवावं लागतं. हा कागद नवरा वाचणार, सासरे वाचणार, कदाचित शाळेच्या कचेरीतही पोचणार. ‘पैशांबाबत धोकादायक निर्णय’ एवढं वैद्यकीय कामाला पुरतं, ती कोणाला काय बोलली याची जंत्री केस पेपरातच राहू द्यावी. शाळेसाठी वेगळा दाखला द्यावा, त्यात फक्त रजेच्या तारखा आणि रुजू व्हायची तारीख.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ नुसार सोडतानाचं नियोजन रुग्णाशी आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी बोलून करायचं असतं. ते करायची साधी रीत म्हणजे मसुदा तिच्या हातात देणं. तिच्या झटक्याची पहिली खूण कोणती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. ‘झोप कमी होणे’ असं आपण छापील लिहितो. ती सांगते, रात्री एक वाजता उठून मी कपाट आवरायला घेते आणि सकाळी थकवा येत नाही. हेच तिच्या शब्दांत, मराठीत, कार्डाच्या मागच्या बाजूला उतरवायचं. त्याखाली: लागोपाठ दोन रात्री असं झालं तर आठवड्याची वाट न पाहता फोन करा. वॉर्डाचा नंबर, आणि तो लागला नाही तर टेली मानसचा १४४१६.