खातेदार आणि मिळकत

पंचवटीत आमच्या शेजारच्या वाड्यात कानपूरकडची एक सून आली, आणि तिच्या मराठीची तालीम सासूबाईंनी कोणतेही पुस्तक न घेता स्वयंपाकघरातच सुरू केली. भिंत मध्ये असल्याने आम्ही त्या शाळेचे विनामूल्य श्रोते झालो.

"तुझा तवा, तुझी कढई, तुझं पातेलं." सून तवा-कढईपर्यंत बिनचूक म्हणे, कारण हिंदीतही मेरा-मेरी हा भेद वस्तूच्या लिंगानेच ठरतो, पातेल्यापाशी मात्र "माझा पातेलं" होई, कारण नपुंसकलिंग हिंदीच्या दप्तरातून केव्हाच खारीज झालेले आहे. 'माझा घर' ही त्याच जातीची चूक, आणि चहा हिंदीत स्त्रीलिंगी असल्याने 'माझी चहा' ही तिची धाकटी बहीण.

सातबाऱ्यावर जसे खातेदाराचे नाव आणि जमिनीचे वर्णन एकाच कागदावर असते, तसा 'तिचा' हा शब्द आहे: 'ति' खातेदाराचे लिंग सांगते, 'चा' मिळकतीचे. म्हणून 'तिचा नवरा' आणि 'त्याची बायको' यांत कोणाचीही अदलाबदल होत नाही. इंग्रजीत केवळ खातेदाराची नोंद होते. हिंदीच्या 'उसका'मध्ये केवळ मिळकतीची. आजोबांची काठी म्हणताना आदराचा अनुस्वार आजोबांपाशी राहतो आणि शेवटची 'ची' निमूटपणे काठीच्या मागे जाते.

खरी अडचण पुढे आली. "माझी बहिणीला पत्र लिहिते," असे सून म्हणाली, आणि सासूबाईंना चूक जाणवली पण कारण सांगता येईना. कारण असे की, मिळकतीला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागून तिचे सामान्यरूप झाले, की तिच्याआधीच्या षष्ठीचे लिंग-वचन पुसले जाऊन सर्वत्र 'च्या' किंवा 'झ्या' उरतो: माझ्या तव्यावर, माझ्या कढईत, माझ्या पातेल्यात, माझ्या बहिणीला. हिंदीत पुल्लिंगी 'मेरा' बदलून 'मेरे' होतो, पण स्त्रीलिंगी 'मेरी' जागचे हलत नाही. सुनेने तीच वहिवाट इकडे आणली होती. सासूबाईंनी मग व्याकरण सोडून वाक्येच घोकून घेतली: "माझी कढई घास. माझ्या कढईत तेल घाल. माझ्या कढया मोज." यातला शेवटचा 'माझ्या' हा प्रत्ययामुळे नव्हे, स्त्रीलिंगी अनेकवचनामुळे आलेला, रूप एक, हुकूम दोन. 'माझी कढई' आणि 'माझी पातेली' यांतही तसेच, आणि तिथे निवाडा नामच करते.

आदरार्थी अनेकवचनाचा धडा मात्र सुनेने आपणहून घेतला. एका सकाळी दारात आलेल्या भाजीवाल्याला तिने सांगितले, "माझी आई आली आहे, माझ्या सासूबाई गंगेवर गेल्या आहेत, तुमची मेथी संध्याकाळी घेऊ," आणि तिकडे गंगेवरून परतून जिन्यात उभ्या असलेल्या सासूबाईंनी, आईला एकवचन नि आपल्याला अनेकवचन मिळाल्याचे ऐकून, पिशवी खाली ठेवली.