पिन आठवत नाही? मग सात दिवस थांबा

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणाची चर्चा सुरू झाली आणि भारतात असंख्य लोकांनी सिग्नल हे ॲप घेतले. तेव्हा ठरवलेला पिन आज आठवतो का, हा प्रश्न फोन बदलला की समोर येतो.

समजा, इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्याचा फोन पडून बंद झाला. सिम नव्या फोनमध्ये घातले, सिग्नल उघडले, नंबर टाकला, एसएमएसने आलेला कोडही भरला. तरी ॲप पिन मागतेच. हा बिघाड नव्हे. त्यांनी पूर्वी कधीतरी ‘Registration Lock’ सुरू केले होते. ते सुरू असेल तर नुसत्या एसएमएस कोडवर नोंदणी होत नाही. सुरू नसेल, तर पिनचा टप्पा वगळून पुढे जाता येते.

हे कुलूप कशासाठी, ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसले. सिग्नलचे एसएमएस कोड पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे १९०० सिग्नल वापरकर्त्यांच्या नंबरांना धोका निर्माण झाला. कोड दुसऱ्याच्या हाती पडला, तरी पिनशिवाय खाते त्याला मिळू नये, हाच या कुलपाचा हेतू.

आता उपाय. पिन सिग्नललाही माहीत नसतो, त्यामुळे कंपनी तो सांगू शकत नाही. ‘पैसे द्या, काढून देतो’ म्हणणाऱ्याला कोड मुळीच देऊ नका. अंदाजाने आकडे टाकण्याची संधीही मोजकीच असते. ती संपली की खाते बंद होते. मग एकच वाट उरते. त्या नंबरावर सिग्नल सात दिवस वापरात नसले की कुलूप आपोआप सुटते. त्यानंतर पुन्हा नोंदणी करून नवा पिन ठरवता येतो. मात्र पिनच्या आधारे जपलेली प्रोफाइल, सेटिंग आणि ब्लॉक केलेल्यांची यादी परत येत नाही. जुने संदेश फोनमध्येच असतात. बॅकअप नसेल आणि जुना फोन सुरू होत नसेल, तर पिन आठवूनही ते मिळणार नाहीत. त्या आठवड्यात ग्राहकांना फोन करून कळवावे आणि ऑर्डर दुसऱ्या मार्गाने घ्याव्यात.

जुना फोन चालू असेल, तर ही वेळच येत नाही. नव्या फोनवर नोंदणी करण्याआधी जुन्या फोनवर Settings, मग Account मध्ये जाऊन ‘Change your PIN’ निवडा. तिथे जुना पिन न सांगताही नवा ठरवता येतो.

व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिनही असाच आहे. ईमेल जोडलेला असेल, तर तो ईमेलवरून नव्याने ठरवता येतो. नसेल तर तिथेही सात दिवस थांबावे लागते. म्हणून अब्बा-अम्मींच्या फोनला आजच ईमेल जोडा आणि पिन घरातल्या वहीत लिहून ठेवा.