धुरा सरकला तर: मोजणीपासून ताब्याच्या दाव्यापर्यंत



धुऱ्याचा वाद एका दिवसात उभा राहत नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वळताना दरवर्षी एखादे तास जास्तीचे घेतो, धुरा थोडाथोडा कोरला जातो आणि हद्दीचा दगड कधी उखडला हे कोणालाच आठवत नाही. उसाच्या वावरात तर हे आणखी उशिरा कळते. लागवड आणि खोडवा मिळून दोन-तीन वर्षे वावर झाकलेलेच असते. ऊस तुटून पाचट हलले की मगच धुऱ्याची जागा नजरेस येते. कुही तालुक्यातील कास्तकाराला अशा वेळी काय करावे लागते आणि दावे कुठे फसतात, ते आम्ही येथे एका उदाहरणाने सांगत आहोत.

समजा, एका सभासदाच्या सातबाऱ्यावर 1 हेक्टर 62 आर क्षेत्र आहे आणि पूर्वेच्या शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर 1 हेक्टर 21 आर. दोघांमधला धुरा उत्तर-दक्षिण असून 180 मीटर लांब आहे. सभासदाने टेप लावून पाहिले, तर आपल्या वहिवाटीत 1 हेक्टर 55 आरच भरले. म्हणजे 7 आर कमी. तो म्हणतो, "माझे सात आर शेजाऱ्याने खाल्ले." पहिली चूक येथेच होते. आपले क्षेत्र कमी भरले, एवढ्याने ते शेजाऱ्याकडे गेले असे सिद्ध होत नाही. ते नाल्याच्या काठात गेले असेल, पांदणीत गेले असेल किंवा दुसऱ्या बाजूच्या धुऱ्यात गेले असेल. सातबारा क्षेत्राचा आकडा सांगतो, पण हद्दीची रेघ कुठून जाते हे सांगत नाही. ती रेघ मूळ मोजणीच्या अभिलेखात असते.

म्हणून तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. चालू सातबारा जोडावा आणि लगतच्या सर्व खातेदारांची नावे बरोबर लिहावीत, कारण मोजणीची नोटीस त्यांनाही जाते. ज्याला नोटीसच पोचली नाही, तो पुढे कोर्टात "माझ्या पाठीमागे मोजणी केली" असे म्हणणारच. आपल्या भागात जुने खसरा क्रमांक बदलून नवे क्रमांक आलेली गावे आहेत. तेथे जुना क्रमांक व नवा क्रमांक यांचा मेळ दाखवणारा उतारा आधीच काढून ठेवावा. मोजणीची तारीख शक्यतो तोडणीनंतर, खोडवा वर येण्याआधी पडेल असे पाहावे. माणसापेक्षा उंच उसात यंत्राची नजर पोचत नाही आणि खुणाही नीट रोवता येत नाहीत.

भूकरमापक आला की तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. त्याने मूळ अभिलेख सोबत आणला आहे काय? गावातल्या पक्क्या, वादात नसलेल्या खुणांपासून मोजणी सुरू केली आहे काय? आणि आपले वावर व शेजाऱ्याचे वावर अशी दोन्ही वावरे मोजली आहेत काय? नुसते आपलेच वावर मोजलेला नकाशा कोर्टात लंगडा पडतो, कारण शेजाऱ्याकडे जास्त निघाले की नाही हे त्यावरून कळत नाही.

आपल्या उदाहरणात दोन्ही वावरे मोजली, तेव्हा शेजाऱ्याच्या वहिवाटीत 1 हेक्टर 26 आर निघाले, म्हणजे सुमारे 5 आर जास्त. अभिलेखाची रेघ आणि वहिवाटीची रेघ उत्तरेच्या टोकाला जुळली, पण दक्षिणेच्या टोकाला 5.5 मीटरचे अंतर पडले. हा त्रिकोणी पट्टा झाला. 180 गुणिले 5.5 आणि त्याचे निम्मे, म्हणजे 495 चौरस मीटर, अर्थात 4.95 आर. उरलेले दोन आर पश्चिमेच्या नाल्याकाठी गेलेले होते. तेव्हा दावा सात आरचा नव्हे, 4.95 आरचाच करायला हवा. दाव्यात एक आकडा आणि नकाशात दुसरा असला, तर जागेची ओळखच पटत नाही.

मोजणी कोणाला मान्य नसेल, तर उपअधीक्षकांकडून निमताना मोजणी आणि त्याहीवर जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना मोजणी मागता येते.

मोजणीनंतर शेजाऱ्याने गपगुमान जागा सोडली तर उत्तमच. दोघांच्या सह्यांनी दगड रोवून घ्यावेत. नाही सोडली, तर ज्या दिवाणी न्यायालयाच्या हद्दीत जमीन आहे तेथे ताबा परत मिळण्याचा दावा लावावा लागतो. नुसता मनाई हुकूम मागून भागत नाही. जो ताबा आधीच गेला आहे, तो मनाईने परत येत नाही. अलीकडेच जबरदस्तीने काढून घेतलेल्या ताब्यासाठी, मालकीच्या वादात न शिरता, सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 खाली दावा करता येतो. पण हळूहळू कोरलेल्या धुऱ्याला ही वाट सहसा उपयोगी पडत नाही, कारण ताबा नेमका कधी गेला तो दिवसच सांगता येत नाही. तेथे मालकी हक्कावरचा दावा करावा.

या दाव्याला मुदत कायदा 1963 प्रमाणे 12 वर्षांची मर्यादा आहे. शेजाऱ्याचा ताबा आपल्या हक्काविरुद्ध सुरू झाला तिथपासून ती मोजतात. "बारा वर्षे झाली, आता माझेच" असे शेजारी म्हणाला, तर तो ताबा उघड, अखंड आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा होता हे त्यानेच शाबीत करायचे असते. येथे पीकपाहणीचे जुने उतारे आणि कारखान्याची ऊस नोंद कामाला येते. कोणत्या वर्षी कोणी ऊस लावला होता, एवढे त्यातून दिसते. पण आमच्या शेतकी खात्याने नोंदीसाठी धरलेले क्षेत्र हद्दीचा पुरावा नाही, हे सभासदांनी विसरू नये.

मोजणीचा नकाशा दाव्याला जोडून वादाचा पट्टा चतुःसीमेसह दाखवावा. तरी नकाशा नुसता दाखल केला म्हणजे शाबीत झाला असे नाही. ज्याने मोजणी केली त्या भूकरमापकाची साक्ष घ्यावी लागते. तो अभिलेख आणि सुरुवातीच्या खुणा सांगू शकला नाही, तर उलटतपासणीत नकाशा ढासळतो. मोजणीत दोष असेल किंवा दोन नकाशे जुळत नसतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट आयुक्त नेमून मोजणी करवण्याचा अर्ज वेळेवर द्यावा. हरियाणा वक्फ बोर्डाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले, की लगतच्या जमिनींच्या हद्दीचा वाद असेल तेव्हा खालच्या कोर्टाने अशी स्थळ तपासणी करवून घ्यायला हवी होती. आयुक्ताच्या अहवालावरही हरकत घेता येते व त्याला प्रश्न विचारता येतात.

हुकूमनामा झाला की काम संपले असे समजू नये. नकाशा हुकूमनाम्याचा भाग करून घ्यावा, नाहीतर बेलीफ वावरात उभा राहून "कुठला पट्टा?" असे विचारतो. अंमलबजावणीची दरखास्त 12 वर्षांत करता येते, पण लांबवू नये. ताबा घेताना भूकरमापक सोबत असावा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुणा कराव्यात आणि ताबा पावती घ्यावी. पट्ट्यात शेजाऱ्याचा ऊस उभा असेल, तर तो आपल्या हाताने तोडू नये. त्याबद्दल कोर्टाचाच आदेश घ्यावा. दगड रोवल्यावर त्यांची राखण करणे ही खातेदाराची जबाबदारी आहे. म्हणून दर तोडणीनंतर, पाचट काढल्याबरोबर, धुऱ्यावरून एक फेरी मारून सगळे दगड जागेवर आहेत का ते पाहून घ्यावे.