चक्रीय अतिरिक्तता तपासणी

चक्रीय अतिरिक्तता तपासणी (सीआरसी) ही पाठवलेल्या किंवा साठवलेल्या माहितीत चूक शिरली आहे का, हे बहुपदींच्या भागाकाराने ओळखण्याची पद्धत आहे. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी ती १९६१ मध्ये मांडली. इथरनेटच्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी असे ३२ तपासणी बिट जोडलेले असतात.

या पद्धतीत बिटांची ओळ म्हणजे बहुपदीचे सहगुणक मानले जातात. उदाहरणार्थ, 1011 म्हणजे x³ + x + 1. सहगुणक केवळ 0 किंवा 1 असल्याने 1 + 1 = 0 होते. येथे हातचा नसतो आणि बेरीज व वजाबाकी यांत भेद उरत नाही. शाळेतल्या भागाकारापेक्षा हा भागाकार म्हणूनच सोपा आहे.

समजा, 11010 हा संदेश आहे आणि 1011 हा पाठवणारा व घेणारा यांनी आधीच ठरवलेला भाजक आहे. या भाजकाला जनक बहुपदी म्हणतात. तिची कोटी ३ असल्याने संदेशापुढे तीन शून्ये जोडली जातात. त्यानंतर भाज्यातील सर्वांत डावीकडच्या 1 खाली भाजक मांडून वजाबाकी केली जाते. दोन्ही बिट सारखे असल्यास 0, वेगळे असल्यास 1.

```
11010000
1011
--------
01100000
 1011
--------
00111000
  1011
--------
00010100
   1011
--------
00000010
```

उरलेली संख्या भाजकापेक्षा कमी कोटीची झाली की भागाकार थांबतो. भागाकाराचा उपयोग नसल्याने तो लिहूनही ठेवत नाहीत. शेवटच्या तीन बिटांतील 010 ही बाकी शून्यांच्या जागी ठेवली की 11010010 हा पाठवण्याचा संदेश तयार होतो. बाकी मिळवणे आणि वजा करणे येथे एकच असल्याने या नव्या संख्येला 1011 ने निःशेष भाग जातो. घेणारा तोच भागाकार पुन्हा करतो. वाटेत तिसरा बिट उलटून 11110010 झाले असेल, तर बाकी 111 येते आणि चूक उघड होते.

मात्र बाकी शून्य आली म्हणजे संदेश निर्दोषच आहे, असे नाही. चुकीच्या बिटांची बहुपदीच भाजकाच्या पटीत असेल, तर ती निसटते. वरील संदेशाचा पहिला आणि शेवटचा बिट उलटला, तर 01010011 मिळते व त्यालाही 1011 ने निःशेष भाग जातो. कारण x⁷ + 1 ही x³ + x + 1 ची पट आहे. तपासणी बिट धरून संदेश सात बिटांपर्यंतच असता, तर दोन बिटांची कोणतीही चूक निसटली नसती. त्यामुळे जनक बहुपदी निवडताना संदेशाची लांबी पाहावी लागते.

सुरुवातीला वाढलेली किंवा गळालेली शून्येही या साध्या रीतीला दिसत नाहीत, कारण त्यांनी बाकी बदलत नाही. यासाठी इथरनेटमध्ये गणनेपूर्वी पहिले ३२ बिट उलटवले जातात. मुद्दाम केलेला फेरफार मात्र याने रोखता येत नाही. भाजक जाहीर असल्याने बदललेल्या संदेशाची नवी बाकी कोणीही काढून जोडू शकतो.